हमी नोटांना होती, ठेवींना नव्हती

डिसेंबर 2001 च्या पहिल्या सोमवारी अर्जेंटिनातले लोक बँकेत गेले आणि त्यांना कळलं, की खात्यात कितीही पैसे असले तरी आठवड्याला 250 पेसोच रोख मिळतील. या निर्बंधाला तिथे 'कोर्रालितो' हे नाव पडलं. त्याचा अर्थ छोटा कोंडवाडा. गुरं कोंडावीत तसे लोकांचे पैसे बँकेत कोंडले गेले होते.

यातली विचित्र गोष्ट अशी, की प्रत्येक पेसोमागे एक डॉलर ठेवू आणि मागाल तेव्हा बदलून देऊ, असं वचन देणारा कायदा त्या सोमवारीही लागू होता. दहा वर्षं तो पाळलाही गेला होता. मग लोकांचे पैसे गेले कुठे? या एका प्रश्नाचं उत्तर नीट कळलं, तर करन्सी बोर्ड आणि डॉलरीकरण या दोन्ही व्यवस्थांचं मर्म हाती लागतं.

हात बांधून घ्यायची वेळ का येते

स्वतःचं पतधोरण असणं म्हणजे काय? मंदी आली की देशाची मध्यवर्ती बँक व्याजदर उतरवते, महागाई वाढली की चढवते. एखादी बँक अडचणीत आली तर तिला उसने पैसे देते. निर्यात मंदावली तर चलनाचा भाव थोडा घसरू देते. ही सोय कोणी उगाच सोडत नाही. ज्या सरकारने तिचा गैरवापर केलेला असतो, त्याच्यावरच ती सोडायची वेळ येते.

अर्जेंटिनाने तो भरपूर केला होता. तूट पडली की मध्यवर्ती बँकेकडून नोटा छापून घ्यायच्या, ही वर्षानुवर्षांची रीत होती. 1989 मध्ये महागाई 3,000 टक्क्यांच्या वर गेली. सकाळचा भाव संध्याकाळी राहत नव्हता. त्याआधीच्या काही वर्षांत चलनाचं नाव बदलून पाहिलं, शून्यं कापून पाहिली, भाव गोठवून पाहिले, पण काही टिकलं नाही. लोकांना नोटेपेक्षाही ती छापणाऱ्या हाताचा भरवसा उरला नव्हता.

राष्ट्राध्यक्ष कार्लोस मेनेम यांचे अर्थमंत्री दोमिंगो काव्हालो यांनी तो हातच बांधून टाकला. 1 एप्रिल 1991 पासून परिवर्तनीयता कायदा लागू झाला. तेव्हाचं चलन ऑस्ट्राल होतं; 10,000 ऑस्ट्राल म्हणजे एक डॉलर असा भाव कायद्यातच लिहिला गेला, आणि जानेवारी 1992 मध्ये 10,000 ऑस्ट्रालचा एक पेसो झाला. एक पेसो, एक डॉलर. तिजोरीत डॉलर येतील तेवढेच पेसो निघणार आणि डॉलर बाहेर गेले की तेवढे पेसो चलनातून बाद होणार. अशा व्यवस्थेला करन्सी बोर्ड म्हणतात, मराठीत चलन मंडळ.

एरवीच्या ठरावीक विनिमय दराहून ही व्यवस्था वेगळी आहे. तिथे मध्यवर्ती बँक 'आम्ही हा भाव राखू' एवढंच म्हणते, आणि नोटा किती छापायच्या हे स्वतः ठरवत राहते. चलन मंडळात ठरवण्यासारखं काही उरतच नाही. जवळजवळ सगळं काम एका काउंटरचं असतं: डॉलर घ्या, पेसो द्या किंवा पेसो घ्या, डॉलर द्या.

परिणाम झपाट्याने दिसला. 1993 पर्यंत महागाई एक आकडी झाली आणि 1996 च्या सुमारास जवळजवळ शून्यावर आली. ज्या लोकांनी आयुष्यभर पगार हातात पडताच त्याच्या वस्तू घेऊन ठेवल्या, ते वीस-वीस वर्षांचं गृहकर्ज घेऊ लागले. हा फायदा खरा होता. शेवट वाईट झाला म्हणून आता त्याला नावं ठेवणं मला पटत नाही. 1990 साली त्या देशात राहणाऱ्या माणसाने हा सौदा आनंदानेच केला असता.

शंभर डॉलरांची गोष्ट

आता पैसे कुठे गेले ते पाहू. सोयीसाठी एक छोटा देश धरा. त्याच्या चलन मंडळाकडे 100 डॉलर आहेत, म्हणून त्याने 100 पेसो काढले आहेत. त्यातले 60 पेसो लोकांच्या खिशात आहेत आणि 40 पेसो बँकांच्या तिजोरीत. बँकांमध्ये लोकांच्या ठेवी मात्र 400 पेसोंच्या आहेत, कारण बँका ठेवीतला बराचसा पैसा कर्जाऊ देतात, तो पुन्हा कुणाच्या तरी खात्यात जमा होतो आणि हे चक्र चालू राहतं. म्हणजे 40 तिजोरीत आणि 360 कर्जांत.

लोकांना वाटतं, देशातल्या सगळ्या पैशामागे डॉलर आहे. प्रत्यक्षात लोकांकडे 60 च्या नोटा आणि 400 च्या ठेवी असे 460 पेसो आहेत आणि डॉलर आहेत 100. कायद्याने हमी दिली ती नोटांना. खात्यात दिसणारा आकडा हे बँकेने दिलेलं वचन असतं, चलन मंडळाने दिलेलं नव्हे.

आता काही ठेवीदार घाबरले आणि 40 पेसो काढून त्यांनी डॉलर करून घेतले. बँकांची तिजोरी रिकामी झाली. चलन मंडळाकडे 60 डॉलर उरले आणि लोकांच्या खिशात 60 पेसो. म्हणजे कायदा अजूनही शंभर टक्के पाळला जातोय. पण पुढच्या ठेवीदाराला द्यायला बँकेकडे काही नाही. एरवी अशा वेळी मध्यवर्ती बँक नवे पैसे काढून बँकेला देते आणि घबराट ओसरली की परत घेते. चलन मंडळाला ते करताच येत नाही, कारण नव्या पेसोमागे ठेवायला जादा डॉलर नाही. बँकेपुढे एकच रस्ता उरतो. कर्जं परत मागायची आणि नवीन द्यायची नाहीत. कर्ज आटलं की धंदे बुडतात, धंदे बुडाले की कर्जं बुडतात आणि कर्जं बुडायला लागली की आणखी ठेवीदार रांगेत उभे राहतात.

अर्जेंटिनाला याची चुणूक 1995 मध्येच मिळाली. डिसेंबर 1994 मध्ये मेक्सिकोचं चलन कोसळलं. अर्जेंटिनाचा त्यात काही दोष नव्हता, तरी काही महिन्यांत तिथल्या बँकांतल्या ठेवी सहाव्या हिश्शाहून अधिक आटल्या आणि बेकारी 18 टक्क्यांच्या वर गेली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाने त्या खेपेला निभावलं. धडाही घेतला गेला. बँकांना जास्त रोख राखायला लावलं, आणि अडचणीच्या वेळी डॉलर उसने देण्याचा करार परदेशी बँकांशी करून ठेवला. मात्र दुसरीकडे कायद्यात एक फट होती. पेसोमागच्या साठ्याचा काही भाग, जास्तीत जास्त एक तृतीयांश, अर्जेंटिना सरकारच्याच डॉलर रोख्यांत ठेवायची मुभा होती. सरकार अडचणीत आलं की नेमके हेच रोखे पडणार होते. म्हणजे पावसात विरघळणारी छत्री.

दुसऱ्याच्या घड्याळावर चालणं

बँकांचा प्रश्न अचानक भडकणारा असतो. दुसरा प्रश्न हळूहळू मारतो. पेसोला डॉलरशी बांधलं की अमेरिकेची मध्यवर्ती बँक, म्हणजे फेडरल रिझर्व्ह, ठरवेल तेच आपलं पतधोरण होतं. ती अर्थातच अमेरिकेकडे पाहून ठरवते. अर्जेंटिनाच्या निर्यातीपैकी अमेरिकेला जायचा तो साधारण दहावा हिस्सा. शेजारच्या ब्राझीलला मात्र तीस टक्क्यांच्या आसपास जायची.

जानेवारी 1999 मध्ये ब्राझीलने आपलं चलन, रियाल, मोकळं सोडलं. महिन्याभरात डॉलरचा भाव 1.21 रियालवरून दोनच्या घरात गेला. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकासाठी अर्जेंटिनाचा माल एकाएकी महाग झाला. त्याच वर्षी जूनपासून फेडरल रिझर्व्हने व्याजदर चढवायला सुरुवात केली आणि मे 2000 पर्यंत 6.5 टक्क्यांवर नेले, कारण अमेरिकेत तेजी होती. अर्जेंटिना तोवर मंदीत शिरला होता. म्हणजे ताप आलेल्या माणसावर आणखी एक घोंगडी.

अशा देशाला स्वस्त व्हायचं असेल, तर चलन घसरवता येत नाही. पगार आणि भावच उतरावे लागतात. कागदावर दोन्हींचा परिणाम एकच. व्यवहारात फरक फार मोठा आहे. चलन घसरतं तेव्हा एका दिवसात सगळ्यांचं उत्पन्न परदेशी मालाच्या मानाने कमी होतं, पण प्रत्येक मालकाला प्रत्येक कामगाराशी भांडावं लागत नाही. पगार उतरवायचे तर तो तंटा लाखो ठिकाणी होतो आणि बेकारी वाढल्याशिवाय कोणी ऐकत नाही. अर्जेंटिनात 1999 ते 2001 अशी तीन वर्षं मंदी होती, तरी भाव उतरले ते वर्षाला एक टक्क्याच्या आसपास. रियालने एका महिन्यात केलं, ते या गतीने करायला कितीतरी वर्षं लागली असती. जुलै 2001 मध्ये सरकारने तूट शून्यावर आणण्यासाठी सरकारी पगार आणि बरीचशी निवृत्तिवेतनं 13 टक्क्यांनी कापली. शिवाय भाव उतरत असताना कर्जाचा आकडा मात्र तसाच राहतो. उत्पन्न घटतं आणि हप्ता कायम.

मग कोणी म्हणेल, हाँगकाँगचं कसं चाललंय? तिथे 17 ऑक्टोबर 1983 पासून चलन मंडळ आहे, 7.80 हाँगकाँग डॉलरला एक अमेरिकन डॉलर. आशियाई संकटानंतर तिथेही 1998 च्या अखेरीपासून पाच वर्षांहून जास्त काळ भाव उतरत होते. घरांच्या किमती कोसळल्या, तरी ती व्यवस्था टिकली. फरक असा, की तिथली गंगाजळी चलनातल्या नोटांच्या कितीतरी पट होती, सरकारवर जवळजवळ कर्ज नव्हतं आणि पगार खरोखर खाली येऊ शकत होते. म्हणजे ज्याची तब्येत आधीच ठणठणीत आहे, त्याला हे औषध सोसतं. मात्र ज्याची तब्येत ढासळली आहे, त्यालाच ते घ्यावंसं वाटतं.

ताप कुठे मोजायचा

वचनावरचा लोकांचा विश्वास मोजायला एक साधा मापक आहे. त्याच देशात, त्याच बँकेत पेसोच्या ठेवीवर किती व्याज मिळतं आणि डॉलरच्या ठेवीवर किती? एक पेसो म्हणजे खरोखर एक डॉलर असेल, तर दोन्ही व्याजं सारखी हवीत. पेसोवर जितकं जास्त मिळतं, तितकी लोकांची शंका मोठी. शांत वर्षांत ही दरी लहान असायची, 2001 मध्ये ती रुंदावत गेली. शंकेचा दुसरा पुरावा ठेवींच्या हिशेबात होता. निम्म्याहून अधिक ठेवी लोकांनी डॉलरमध्येच ठेवल्या होत्या, आणि त्या बळावर बँकांनी डॉलरमध्ये कर्जं दिली होती. घेणाऱ्यांची कमाई मात्र पेसोत होती. समान भावाचा कायदा मोडला, तर ही सगळी कर्जं एका रात्रीत फुगणार होती. म्हणूनच तो मोडायला कोणी धजत नव्हतं आणि न मोडून गाडा पुढे जात नव्हता.

2001 मध्ये ठेवींचा सुमारे पाचवा भाग निघून गेला. शेवटी कोंडवाडा आला. 20 डिसेंबरला रस्त्यावरच्या उद्रेकात राष्ट्राध्यक्ष फर्नांदो दे ला रुआ यांनी राजीनामा दिला. त्याच आठवड्यात त्यांच्या जागी आलेल्या राष्ट्राध्यक्षांनी सरकारी कर्जफेड थांबवल्याचं जाहीर केलं. 6 जानेवारी 2002 ला, रविवारी, संसदेने कायदा करून एकास एकचा भाव संपवला. आधी 1.40 पेसोला डॉलर ठरला, मग भाव मोकळा सोडला आणि जूनपर्यंत तो 3.80 च्या आसपास गेला.

डॉलरमधल्या ठेवी आणि कर्जं सरकारने सक्तीने पेसोत बदलली. कर्जदारांसाठी एका डॉलरला एक पेसो धरला आणि ठेवीदारांसाठी 1.40. बँकांना त्यामुळे पडलेला खड्डा सरकारने रोखे देऊन भरला. म्हणजे तो करदात्यांच्या माथी गेला. डॉलरमध्ये बचत केली म्हणून स्वतःला सुरक्षित समजणाऱ्या माणसाला बाजारभावाच्या निम्म्याहूनही कमी मोल मिळालं. 2002 मध्ये अर्थव्यवस्था जवळजवळ 11 टक्क्यांनी आकसली आणि निम्म्याहून अधिक लोक दारिद्र्यरेषेखाली गेले.

काउंटरच बंद केलं तर?

यातून काहींनी निष्कर्ष काढला, की कायदा मोडता येतो हाच रोग आहे. स्वतःचं चलनच नसेल तर मोडायला काही उरणार नाही. सरळ डॉलरच वापरा. हेच डॉलरीकरण. पनामा 1904 पासून असा चालला आहे. पण धावपळीत केलेल्या डॉलरीकरणाचं उदाहरण इक्वाडोर.

1999 मध्ये तिथल्या बँका एकामागून एक कोसळत होत्या. मार्चमध्ये ठेवी गोठवल्या गेल्या. वर्षाच्या सुरुवातीला सुमारे 7,000 सुक्रेंना मिळणारा डॉलर वर्षअखेर 20,000 च्या घरात गेला. 9 जानेवारी 2000 रोजी राष्ट्राध्यक्ष हामिल माहुआद यांनी 25,000 सुक्रेंना एक डॉलर या भावाने डॉलरीकरण जाहीर केलं. दोन आठवड्यांत त्यांची सत्ता गेली, पण त्यांच्यानंतर आलेल्या गुस्तावो नोबोआ यांनी निर्णय पुढे नेला.

25,000 हा आकडा कुठून आला? डॉलरीकरण म्हणजे लोकांकडच्या सगळ्या नोटा मध्यवर्ती बँकेने डॉलर देऊन विकत घेणं. हातात डॉलर ठरावीक असतात, म्हणून भाव असा ठरवावा लागतो की ते पुरतील. इक्वाडोरने वर्षअखेरच्या बाजारभावापेक्षाही पडलेला भाव घेतला. त्यामुळे डॉलर पुरले, पण त्या भावाने पगार आणि वस्तू फार स्वस्त झाल्या होत्या, मग वर्षभर किमती चढत राहिल्या. 2000 च्या अखेरीला महागाई 90 टक्क्यांच्या वर होती आणि तीही डॉलरमध्ये. डॉलर आला की महागाई त्याच दिवशी थांबते, असं समजणाऱ्यांनी हे वर्ष पाहावं. पुढच्या वर्षी ती 22 टक्क्यांवर आली आणि 2004 पर्यंत अमेरिकेच्या पातळीला टेकली.

याची एक किंमत कायमची आहे. चलन मंडळाच्या 100 डॉलरांचे अमेरिकी रोखे घेतले आणि त्यावर 4 टक्के व्याज मिळालं, तर वर्षाला 4 डॉलर सरकारला मिळतात. डॉलरीकरणात तेच रोखे विकून डॉलरच्या नोटा आणाव्या लागतात, आणि नोटेवर व्याज नसतं. ते 4 डॉलर दर वर्षी अमेरिकेला बक्षीस. इक्वाडोर सुट्टी नाणी तेवढी स्वतःची पाडतो.

बाकीची बंधनं चलन मंडळासारखीच, फक्त आणखी आवळलेली. 2014 नंतर तेलाचे भाव कोसळले, शेजारच्या कोलंबियाचं चलन घसरलं आणि सीमेपलीकडच्या इपियालेस गावात खरेदीसाठी इक्वाडोरच्या लोकांची रीघ लागली. चलन घसरवणं शक्य नव्हतं, म्हणून सरकारने मार्च 2015 मध्ये आयातीवर 45 टक्क्यांपर्यंत जादा कर लावला. सरकारने शिस्तीत वागावं, याचीही हमी डॉलरने दिली नाही. डॉलर वापरत असतानाच इक्वाडोरने 2008 मध्ये कर्जाचे हप्ते थकवले आणि 2020 मध्ये कर्जाची फेररचना केली. नोटा छापणं बंद होतं, कर्ज काढणं नाही.

तरीही डॉलर गेला नाही. राफाएल कोर्रेआ अर्थतज्ज्ञ म्हणून डॉलरीकरणाचे टीकाकार होते. मात्र 2007 ते 2017 अशी दहा वर्षं सत्तेवर राहूनही त्यांनी ते काढलं नाही. काढायचं म्हणजे लोकांच्या खिशातला डॉलर घेऊन नवी, अनोळखी नोट द्यायची. तशी नुसती कुजबुज झाली तरी दुसऱ्या दिवशी बँका रिकाम्या होतील. कुलूप कायद्याचं नाही, लोकांच्या भीतीचं आहे. म्हणून ते चलन मंडळाच्या कुलपापेक्षा पक्कं.

पण नोटा आणि ठेवी यांतला फरक इथेही सुटत नाही. झिम्बाब्वेने 2009 मध्ये स्वतःचं चलन सोडून डॉलर वगैरे परकीय चलनं घेतली. पुढे सरकारची तूट भागवता भागवता बँकांच्या खात्यांत 'डॉलर' म्हणून लिहिलेले आकडे वाढत गेले, त्यामागे खऱ्या नोटा नव्हत्या. 2019 मध्ये सरकारने त्याच आकड्यांना स्थानिक चलन ठरवलं आणि महागाई पुन्हा तीन आकडी झाली. छापखाना नसतानाही पैसा छापता येतो, फक्त तो खातेवहीत छापावा लागतो.

2023 च्या निवडणुकीत अर्जेंटिनातच हाव्हिएर मिले डॉलरीकरणाचं आश्वासन देऊन जिंकले. डिसेंबरमध्ये त्यांनी सूत्रं घेतली, तेव्हा मध्यवर्ती बँकेची देणी वजा जाता गंगाजळी उणे होती. पेसो विकत घ्यायचे तर डॉलर हवेत, आणि ते नव्हते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सरकारी भाव डॉलरला सुमारे 366 पेसोंवरून 800 वर नेला. म्हणजे चलन मंडळ किंवा डॉलरीकरण असतं, तर नेमकं जे करता आलं नसतं, तेच.